रोजची डोकेदुखी आणि दहा मिलिग्रॅमची गोळी

शिरगाव, सातपाटी, माहीम, केळवे या पट्ट्यातून रोज बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना आणि पालघरहून गाडी धरून मुंबई गाठणाऱ्यांना हे आवाहन आहे. घर, वाडी, मासळी आणि पोरंबाळं सांभाळून संध्याकाळी डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसणाऱ्या बायांनाही आहे. महिन्यातले निम्मे दिवस किंवा त्याहून जास्त तुमचं डोकं दुखत असेल, डॉक्टरांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली असेल, आणि आठवडाभर घेऊनही ‘काही फरक नाही, वर झोपच येते’ म्हणून ती पट्टी तुम्ही फळीवर टाकून दिली असेल, तर थोडं थांबा. ती गोळी एवढी लहान का दिली आणि ती काम कधी करते, हे माहीत नसल्यामुळे चांगलं औषध वाया जातं. माझ्याकडे येणाऱ्यांत असं सर्रास होतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दुखण्याबद्दल. या डोकेदुखीला डॉक्टर ‘टेन्शन टाइप हेडेक’ म्हणतात. नावात टेन्शन असलं तरी माणूस चिंता करतो म्हणूनच डोकं दुखतं, असा त्याचा अर्थ नाही. दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, डोकं जड होतं, मान आणि खांदे भरून येतात. ठणका नसतो. दुखणं हलकं ते मध्यम असतं. माणूस कामाला जातो, जिना चढतो, गाडी चालवतो आणि त्याने दुखणं वाढत नाही. उलटी होत नाही. अर्धशिशीचं तसं नसतं. तिच्यात बहुतेक वेळा एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ आवळल्यासारखं दुखत राहिलं की ती जुनाट डोकेदुखी. आपण बोलतो आहोत ते या जुनाट दुखण्याबद्दल. अधूनमधून दुखणाऱ्या डोक्याला रोजच्या गोळीची गरज नसते.

आता एक उदाहरण घेऊ. माणूस मी रचलेला आहे, पण त्याच्यासारखे या भागात बरेच भेटतील. वय ३८, घर शिरगावला, नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी सात ते तीन, मग तीन ते अकरा, मग रात्री अकरा ते सात. वर्षभरापासून डोकं धरतं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा धरायचं, मग दोनदा, आता जवळजवळ रोज. मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणि कॅफिनची गोळी घेतो. ती पुरेना तेव्हा डायक्लोफेनॅकची घ्यायला लागला. बायकोने एकदा चिडून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करायला सुरुवात केली: डोकं दुखलं की त्या तारखेच्या चौकोनात फुली, गोळी घेतली की फुलीशेजारी टिंब. महिनाअखेर मोजलं तर २६ फुल्या आणि १९ टिंबं.

डॉक्टरकडे जाताना त्याने कॅलेंडरचं ते पानच नेलं, आणि निम्मं निदान तिथेच झालं. ‘खूप दुखतं हो डॉक्टर’ असं म्हटल्याने कळत नाही ते २६ फुल्यांनी कळतं. १९ टिंबांनी तर त्याहून मोठी गोष्ट कळते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरू लागतात. गोळीचा असर उतरला की डोकं धरतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र मोडल्याशिवाय रात्रीची ॲमिट्रिप्टिलिनही नीट काम करत नाही. म्हणून डॉक्टरांनी पहिलं काम दिलं ते गोळ्या थांबवण्याचं. अगदीच असह्य झालं तर साधी पॅरासिटामॉल, तीही आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. पहिला आठवडा-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखेल, हेही त्याला आधीच सांगितलं. हे न सांगता गोळ्या बंद केल्या की माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो.

मग तपासणी झाली. रक्तदाब पाहिला, डोळ्यांच्या आत पाहिलं, हातापायांची ताकद आणि तोल पाहिला, आणि बोटांनी कानशिलं, जबड्याचे स्नायू, मानेचा मागचा भाग आणि खांदे दाबून पाहिले. तिथे दाबल्यावर तो कळवळला. या दुखण्यात हे बहुतेकदा सापडतं. बाकी सगळं ठीक असताना प्रत्येकाच्या डोक्याचं स्कॅनिंग लागत नाही, आणि ते न केल्याने डॉक्टरने हलगर्जी केली असंही होत नाही.

काही डोकेदुख्या मात्र वेगळ्या असतात आणि त्यांना ही गोळी घेत बसणं धोक्याचं आहे. एका क्षणात वीज कोसळल्यासारखं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं. तापाबरोबर मान आखडली. हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं. डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं धरलं. गरोदर बाईचं डोकं दुखतं आहे आणि दाब वाढला आहे. किंवा दुखणं आठवड्यागणिक चढतच चाललं आहे आणि सकाळी उलट्या होतात: यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रसायनांच्या किंवा रंगाच्या खात्यात काम करताना डोकं दुखतं, सुट्टीच्या दिवशी उतरतं, आणि त्याच खात्यातल्या आणखी दोघा-तिघांचं तसंच होतं, असं असेल तर ते आवळून दुखणारं साधं डोकं समजू नका. वाफा, सॉल्व्हंट, बंद खोलीतला धूर यांनीही डोकं दुखतं. तिथे इलाज वायुवीजन सुधारण्याचा असतो, रात्रीच्या गोळीचा नव्हे. डॉक्टरला आपलं खातं कुठलं आणि तिथे काय हाताळतो, हे न विचारता सांगा.

आपल्या माणसाचं तसं काही नव्हतं. त्याला ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री एक, असं लिहून दिलं. गोळी पाहून तो म्हणाला, “डॉक्टर, एवढीशी? वर्षभराचं दुखणं आहे, जरा जोरदार द्या ना.” घरी गेल्यावर मेहुण्याने मोबाइलवर नाव शोधलं आणि म्हणाला, “भाऊजी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे. तुम्हाला वेडं समजतोय काय डॉक्टर?” या दोन्ही शंका रोज ऐकायला मिळतात, आणि दोन्हींना सरळ उत्तर आहे.

मेहुण्याचं आधी बघू. गोळी उदासीनतेच्या आजारासाठीच आली, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. पण १९६४ मध्येच सिडनीचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स आणि त्यांचे सहकारी यांनी जुनाट आवळणाऱ्या डोकेदुखीवर ती चालते, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे १९९६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मुद्दाम उदासीनता नसलेलेच रुग्ण निवडले. त्यांना काही आठवडे ॲमिट्रिप्टिलिन, काही आठवडे उदासीनतेचंच दुसरं एक औषध आणि काही आठवडे औषध नसलेली गोळी दिली. ॲमिट्रिप्टिलिनने डोकेदुखी कमी झाली, दुसऱ्या औषधाने झाली नाही. म्हणजे मन उदास होतं, ते बरं झालं आणि म्हणून डोकं थांबलं, असा मामला नाही. डोकेदुखीवरचा या गोळीचा गुण वेगळा आहे. मात्र एखाद्याला डोकेदुखीबरोबर खरोखरच उदास वाटत असेल, जीव नकोसा होत असेल, तर ते लपवू नका. त्यासाठी १० मिलिग्रॅम पुरत नाही आणि उपचारही वेगळा ठरवावा लागतो. शिवाय हे औषध भलत्या प्रमाणात घेतलं तर जीवघेणं ठरतं, त्यामुळे अशा माणसाच्या हातात किती गोळ्या द्यायच्या हेही डॉक्टर विचार करून ठरवतात.

आता ‘एवढीशी का?’ याचं उत्तर. आजच्या लेखातलं मुख्य ते हेच.

उदासीनतेसाठी हेच औषध दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत जातं. डोकेदुखीसाठी बहुतेकांना ३० ते ७५ मिलिग्रॅम लागतं, आणि काही जणांचं १०-२० वरच भागतं. कुणाला किती लागेल हे चेहरा पाहून किंवा वजन करून सांगता येत नाही. यकृतात हे औषध मोडणारी जी यंत्रणा आहे, तिचा वेग माणसामाणसात जन्मतःच वेगळा असतो. एकाच घरातल्या दोघा भावांनी तेवढीच गोळी घेतली तर एकाच्या रक्तात तिचं प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होऊ शकतं. ज्याचं यकृत हळू आहे त्याला पहिल्याच दिवशी ५० दिली, तर तो सकाळी उठून उभा राहताच भोवळ येऊन पडू शकतो. १० पासून चढलं की असा माणूस २० वरच ओळखू येतो, आणि तेवढ्यावर त्याचं कामही झालेलं असतं.

दुसरं कारण औषधाच्या स्वभावात आहे. मेंदूकडून खाली जाणाऱ्या ज्या वाटा वेदना दाबून ठेवतात, त्यांना हे औषध बळ देतं. महिनोन्‌महिने दुखत राहिल्याने मज्जासंस्था हळवी झालेली असते, साध्या ताणालाही ती वेदना म्हणू लागते. तो हळवेपणा उतरायला आठवडे लागतात. पण औषध तेवढ्यावर थांबत नाही. ते लाळ कमी करतं, आतडी मंद करतं, लघवीची धार अडवू शकतं, जवळचं धूसर करतं, झोप आणतं, भूक वाढवतं, आणि झोपेतून एकदम उठल्यावर दाब खाली आणतं. यातलं बरंचसं पहिल्या रात्रीपासून दिसतं आणि गुण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. त्रास आधी आणि फायदा नंतर, असं हे औषध आहे. मोठ्या गोळीने सुरुवात केली तर फायद्याची पाळी यायच्या आतच माणूस औषध सोडून देतो. लहान गोळीने सुरुवात केली तर शरीराला सवय होते. सुस्ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत बरीच ओसरते. तोंडाचा कोरडेपणा थोडा राहतो, पण सोसवतो.

तिसरी गोष्ट, वाढवायचं तर आठवड्याने का? घरावरच्या टाकीत रोज ठरावीक पाणी चढवलं आणि खालचा नळ गळत राहिला, तर पाणी काही दिवस चढतं आणि मग एका पातळीला स्थिरावतं. या औषधाचं तसंच आहे. घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध शरीरातून जायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून रोज एक घेतली तर रक्तातली पातळी पाच-सात दिवस चढत राहते आणि मग स्थिरावते. आज घेतलेल्या १० मिलिग्रॅमचा खरा अंदाज आठवड्याने येतो. तिसऱ्याच दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून दोन, पाचव्या दिवशी तीन असं करणारा माणूस कुठल्याच मात्रेचा अंदाज न घेता वर चढत जातो, आणि त्रास झाला की कुठल्या पायरीवर झाला हेही त्याला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर आठवड्याने किंवा पंधरवड्याने १० ने वाढवतात आणि दर वेळी दोनच गोष्टी विचारतात: फुल्या किती, त्रास काय.

आपल्या माणसाचं पुढे कसं झालं ते पाहू. सुरुवात पहिल्या पाळीच्या आठवड्यात आणि सुट्टीच्या आदल्या रात्री केली. यात विचार होता. पहिल्या सकाळी डोळे जड राहतात आणि त्या दिवशी मोटारसायकलवर बसायचं नव्हतं. गोळी झोपायच्या वेळी नाही, झोपण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची. दहाला झोपायचं तर साडेआठला. उशिरा घेतली की तिचा जडपणा सकाळच्या ड्युटीवर येतो. दुसरी पाळी आली तेव्हा तो अकराला सुटून घरी मध्यरात्रीनंतर पोचायचा. मग कारखान्यातून निघण्याआधी गोळी घ्यायची नाही, घरी पोचल्यावरच घ्यायची आणि सकाळी उशिरा उठायचं, असं ठरलं. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन, अंघोळ-न्याहारी आटोपून, झोपण्यापूर्वी. नियम एवढाच: गोळी घड्याळाला नाही, मोठ्या झोपेला बांधलेली, आणि गोळीनंतर गाडी नाही, मशीन नाही. तरीही दर आठवड्याला झोप बदलणाऱ्याला हे औषध जरा जड जातं. अशांनी पाळ्यांचं वेळापत्रकच डॉक्टरसमोर ठेवावं.

पहिला आठवडा वाईट गेला. वेदनाशामक बंद केल्यामुळे डोकं जास्त दुखलं, तोंड सुकलं, सकाळी दहापर्यंत झापड राहिली. सातव्या दिवशी तो सोडणारच होता. बायकोने फोनवरून डॉक्टरला विचारलं, आणि मात्रा न वाढवता आणखी एक आठवडा तेवढीच ठेवायची ठरली. दुसऱ्या आठवड्यात झापड बरीच कमी झाली. तेव्हा २० केली. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला ३०. आता शौचाला कडक होऊ लागलं. त्यावर पाणी, भाजी, पपई आणि गरज पडली तेव्हा रात्री इसबगोल, एवढ्याने भागलं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी मोजणी केली तर महिन्याच्या २२ फुल्या. तो नाराज झाला. पण फुल्यांचं पान जवळून पाहिलं तर त्यातल्या बहुतेक पहिल्या पंधरवड्यातल्या होत्या, आणि टिंबं फक्त सहा. आठव्या आठवड्याच्या शेवटी, ३० वरच, मागच्या चार आठवड्यांत १२ फुल्या आणि ४ टिंबं. डोकं पूर्ण थांबलं नाही. पण २६ चे १२ झाले, आणि राहिलेलं दुखणंही हलकं झालं. तिथेच मात्रा थांबवली. आणखी वाढवून १२ चे ९ झाले असते कदाचित, पण वाढलेल्या त्रासापोटी ते परवडणारं नव्हतं.

अपेक्षा किती ठेवायची, हे इथे स्पष्ट बोललं पाहिजे. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत डोकेदुखी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली होती. हे औषध दुखणं कमी करतं, पुसून टाकत नाही. निम्म्यावर आलं तर डॉक्टर त्याला चांगला गुण मानतात. योग्य मात्रेवर चार ते आठ आठवडे देऊनही काहीच फरक पडला नाही, तर मात्र ते ओढत राहण्यात अर्थ नाही, दुसरं काही पाहावं लागतं. आणि गोळीच्या जोडीला दुसरं काही करायचं की नाही, याचंही उत्तर आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीची औषधं एका गटाला, ताण हाताळण्याचं शिक्षण दुसऱ्याला आणि दोन्ही मिळून तिसऱ्याला दिली होती. दोन्ही एकत्र मिळालेल्यांत दुखणं निम्म्याहून कमी झालेले लोक सर्वांत जास्त निघाले. आपल्या माणसाला फिजिओथेरपिस्टने मान-खांद्याचे व्यायाम दाखवले आणि रात्री झोपण्याआधी एकेक स्नायू आवळून सैल सोडायला शिकवलं. गोळीइतकंच ते मनावर घेतलं पाहिजे.

सगळ्यांनाच ही गोळी चालत नाही. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील किंवा हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा असेल, काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, फिट येत असतील, किंवा कधी काळी अति उत्साहाचा, झोपच न लागण्याचा मानसिक झटका आला असेल, तर डॉक्टरला आधी सांगा. वयस्करांना आणि हृदयविकाराची शंका असणाऱ्यांना ईसीजी काढून मगच देतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर १० मिलिग्रॅमही जड जाऊ शकतं, कधी अर्ध्या गोळीने सुरुवात होते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं आणि मग उभं राहायचं. अशा उठण्यात पडून खुब्याचं हाड मोडलं, तर डोकेदुखी परवडली असं म्हणायची पाळी येते. मधुमेहींनी वजनावर लक्ष ठेवायचं, कारण ही गोळी भूक वाढवते.

बाकीची औषधंही दाखवा. वेदनेसाठी दिलेलं ट्रॅमाडॉल, उदासीनतेचं फ्लुऑक्सेटिन, पोटात मुरडा आला की घेतली जाणारी डायसायक्लोमिन, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या: यांतली काही या औषधाची रक्तातली पातळी वाढवतात, काही त्याचे त्रास दुप्पट करतात. आपल्याकडे ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र असलेली गोळीही मिळते. ‘तीच आहे, चालेल’ म्हणून मेडिकलवाल्याने दिली तर घेऊ नका. त्यातलं दुसरं औषध सवय लावणारं आहे आणि ते तुमच्या डॉक्टरने दिलेलं नाही. पट्टीवर नाव वाचा, मिलिग्रॅमचा आकडाही वाचा. १० ऐवजी २५ ची पट्टी हातात येणं हे मी पाहिलं आहे.

ताडी आणि दारूचं वेगळं सांगतो, कारण आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळची ताडी कित्येकांना पिणं वाटतच नाही. या गोळीबरोबर ती पिणंच आहे. दोन्हींची झोप एकमेकांत मिसळते, तोल जातो, दाब खाली येतो. गोळी चालू आहे तोवर ताडी नाही. आणि उन्हातलं काम, भट्टी-बॉयलरजवळचं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की या औषधाने घाम कमी येतो. एप्रिल-मे मध्ये उष्णता अंगात साठते. पाणी जास्त प्या, आणि घाम न येता अंग तापलं, गरगरलं तर काम थांबवून सावलीत या.

गोळ्या घरात ठेवायच्या त्या लहान पोराच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. रंगीत, गुळगुळीत, लहान गोळी मुलाला चघळण्याची वाटते, आणि मोठ्यांच्या औषधाच्या थोड्याशा गोळ्यांनीही लहान मुलाच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलाने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसू नका, पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा.

एखाद्या रात्री गोळी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. बरं वाटायला लागलं म्हणून एका रात्रीत बंदही करू नका. अचानक सोडल्याने मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं असा त्रास होतो आणि डोकंही पुन्हा धरतं. साधारण सहा महिने ते वर्षभर फुल्या कमी राहिल्या की डॉक्टर स्वतःहून विषय काढतील. नाही काढला तर तुम्ही काढा. आपल्या माणसाचं नवव्या महिन्यात ३० चे २० झाले, तीन आठवड्यांनी १०, आणखी तीन आठवड्यांनी शून्य. पुढचे दोन महिने कालनिर्णयवर खुणा चालूच ठेवायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. महिन्यात आठ-दहा फुल्यांच्या वर गेलं तर पुन्हा भेटायचं आणि पुन्हा १० पासूनच चढायचं, सरळ ३० वर उडी मारायची नाही.